‘टाळा’ म्हणजे कधीपर्यंत?

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात कधीकधी एक ओळ असते. ती वाचून घरी गेलेली जोडपी पुढचे चार-पाच महिने एकमेकांकडे पाठ करून झोपतात. ओळ असते ‘प्लॅसेंटा लो-लाइंग’. आमच्याकडच्या भाषेत, वार खाली आहे. रिपोर्ट बघून डॉक्टर दोन-तीन गोष्टी भराभर सांगतात: जड उचलू नका, लांबचा प्रवास नको, आणि आवाज थोडा खाली आणून, संबंध टाळा. नवरा भिंतीवरच्या बाळाच्या पोस्टरकडे बघत मान हलवतो, बायको फाइल आवरते. पुढचा पेशंट आत येतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षं बाळंतपणं करते आहे. औषधांच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय मी पेशंटला सोडत नाही. पण हा एकच सल्ला असा, की तो देताना किती दिवसांसाठी हे आम्ही डॉक्टर सांगत नाही आणि ते विचारतही नाहीत. आणि गंमत म्हणजे वार खाली असणं ही बहुतेक वेळा तात्पुरती गोष्ट असते.

गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय तेवढे तसेच ठेवले आहेत. पहिलटकरीण, चोविशीची. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळ छान, पाणी छान. वार मागच्या भिंतीला चिकटलेली आणि तिची खालची कड गर्भाशयाच्या तोंडाच्या आतल्या टोकापासून ११ मिलिमीटरवर. हे अंतर २० मिलिमीटरपेक्षा कमी असलं की वार खाली आहे म्हणतात. वार तोंडावरच आली असेल तर त्याला प्लॅसेंटा प्रिव्हिया म्हणतात, आणि तो जास्त गंभीर प्रकार. हिची वार तोंडावर नव्हती, जवळ होती. रक्तस्राव एकदाही झालेला नव्हता.

नवरा बाहेर औषधं घ्यायला गेल्यावर ती म्हणाली, “मॅडम, आधी झालंय आमचं. मागच्याच आठवड्यात. बाळाला काही झालं असंल का?”

या प्रश्नाचं उत्तर शरीररचनेत आहे, म्हणून मी तिला टेबलावरचं प्लॅस्टिकचं मॉडेल दाखवलं. बाळ योनिमार्गात नसतं. ते पाण्याच्या पिशवीत असतं, पिशवी गर्भाशयाच्या जाड स्नायूच्या आत, आणि गर्भाशयाचं तोंड खाली घट्ट मिटलेलं. हे तोंड म्हणजे नुसतं भोक नव्हे, साधारण ३ ते ४ सेंटिमीटर लांबीची नळी आहे, आणि गरोदरपणात तिच्यात चिकट स्रावाचं बूच बसलेलं असतं. पुरुषाचं इंद्रिय त्या तोंडापर्यंत पोचलं तरी त्याच्या पलीकडे जात नाही. बाळाला ‘लागत’ नाही. वीर्य आत जाऊन बाळाच्या अंगाला लागतं, ही समजूत मी शिकल्यासवरलेल्या लोकांकडूनही ऐकली आहे. तसं होत नाही.

मग प्रश्न वारेचा. योनिमार्गाच्या बाजूने बघितलं तर खाली आलेली वार तोंडाच्या अगदी मागे असते. सहावा-सातवा महिना लागला की गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जाऊन पातळ होऊ लागतो. वार तिथे चिकटलेली असेल तर तिची कड सुटू शकते आणि रक्त वाहू लागतं. हे रक्त लालभडक असतं आणि पोटात दुखत नाही. त्यामुळे बाई घाबरण्याऐवजी कधीकधी निवांत राहते, “दुखत नाहीये ना” म्हणून. तिथेच घात होतो. अशा वेळी तोंडावर धक्का किंवा दाब नको, म्हणून संबंध टाळायला सांगतात. आम्हीही अशा पेशंटची बोटाने आतून तपासणी करत नाही, त्याच कारणासाठी.

खरं सांगायचं तर संबंधांमुळेच रक्तस्राव होतो, असं दाखवणारा भक्कम पुरावा कमी आहे. पण झालाच तर तो आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतणारा असतो. म्हणून वार तोंडावर असेल, किंवा जवळ असून रक्त गेलेलं असेल, तेव्हा नको म्हणण्याबाबत फारसं दुमत नाही. नुसती जवळ आहे आणि रक्त अजिबात गेलेलं नाही, अशा वेळी डॉक्टरांची मतं वेगवेगळी असतात. मी अशा वेळी पुढच्या सोनोग्राफीपर्यंत थांबा म्हणते, आणि त्या सोनोग्राफीची तारीख तिथेच फाइलवर लिहून देते. ३२ वा आठवडा.

बत्तीसच का, तर तोवर गर्भाशयाचा खालचा भाग चांगला वाढलेला असतो. वार स्वतः हलत नाही, ती जिथे चिकटली तिथेच असते. पण तिच्या खालची भिंत लांबत जाते आणि तोंड व वारेची कड यांतलं अंतर वाढतं. विसाव्या आठवड्यात खाली दिसलेल्या दहांतल्या नऊ वारा बाळंतपणापर्यंत सुरक्षित अंतरावर गेलेल्या असतात. आधी सिझेरियन झालेलं असेल आणि वार जुन्या टाक्यांवर बसली असेल, तर मात्र हा आशावाद आवरता घ्यावा लागतो. तिथे वार भिंतीत रुतून बसण्याची भीती असते आणि सगळा हिशोबच वेगळा होतो. या मुलीचं पहिलंच बाळंतपण होतं, त्यामुळे तो धोका नव्हता.

बत्तिसाव्या आठवड्यात ती आली. वारेची कड नीट मोजायची तर पोटावरून पुरेसं स्पष्ट दिसत नाही, विशेषतः वार मागे असेल तर. म्हणून योनिमार्गातून सोनोग्राफी करावी लागते. प्रोब बघितल्यावर ती थबकली. “मॅडम, संबंध चालत नाहीत आणि हे चालतंय?”

प्रश्न अगदी रास्त होता. प्रोब तोंडाला टेकत नाही. तो दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच थांबवतात आणि त्याचा रोख तोंडात घुसण्याचा नसून बाजूला असतो. शिवाय तो कुठे आहे हे सरकवणाऱ्याला पडद्यावर सतत दिसत असतं. वार खाली असलेल्या बाईलाही ही तपासणी सुरक्षित आहे. अंतर भरलं ३४ मिलिमीटर.

मी फाइलवर लिहिलं, वार वर, नॉर्मल डिलिव्हरीला हरकत नाही. आणि मग दोघांनाही खुर्चीवर बसवून स्पष्ट सांगितलं, की बारा आठवड्यांपूर्वी घातलेलं बंधन आजपासून संपलं. नवऱ्याने विचारलं, “म्हणजे प्रवासाचं ना?” मी म्हटलं, प्रवासाचं पण. त्याला कळायला चार-पाच सेकंद लागले. ती मात्र आधीच हसत होती.

हे मुद्दाम तोंडाने सांगावं लागतं, कारण फाइलवरचं ‘वार वर’ वाचून ‘म्हणजे आता हरकत नाही’ असा अर्थ कुणी काढत नाही. ‘टाळा’ हे सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि ‘झालं, आता चालेल’ हे कुणी म्हटलेलंच नसतं.

वार खाली नसते, तेव्हाही बंदी असतेच, ती घरातून येते. पहिले तीन महिने नको आणि शेवटचे तीन महिने नको, हा हिशोब प्रत्येक सासूला पाठ असतो. मधले तीन उरतात, तेव्हा डोहाळे आणि डोहाळजेवण. सातव्यात ओटी भरली की मुलगी माहेरी, म्हणजे तोही प्रश्न मिटला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीने काय टाळावं याची यादी आहे, त्यात संबंध आहेत. पण त्याच यादीत दिवसा झोपणं आहे, रात्रीचं जागरण आहे, वाहनात बसणं आहे, उकिडवं बसणं आहे. माझ्याकडे एसटीने धक्के खात येणाऱ्या आणि दुपारी दोन तास झोपणाऱ्या बायकांना घरात कुणी अडवत नाही. यादीतलं एकच कलम तेवढं कडक पाळलं जातं.

पहिल्या तीन महिन्यांचा धाक गर्भपाताचा असतो. त्या काळात पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो. तो बीज फळतानाच ठरून गेलेला असतो, नंतर कोण कुणाजवळ झोपलं याच्याशी त्याचा संबंध नाही. तरी गर्भ पडला की बाई आठवून आठवून तो दिवस शोधते, आणि आठवला की आयुष्यभर स्वतःलाच दोष देते. म्हणून हा मुद्दा मी आधीच बोलून टाकते. अर्थात रक्त जात असेल तर थांबायचं आणि का जातंय हे आधी बघून घ्यायचं. त्यात चर्चेला जागा नाही.

जास्त गोंधळ होतो तो संबंधांनंतरच्या डागाने. गरोदरपणात गर्भाशयाच्या तोंडाला रक्तपुरवठा खूप वाढतो, बाहेरचा भाग नाजूक होतो आणि जरा घासलं तरी पुसल्यावर गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो. तो तोंडावरून आलेला असतो, आतून नाही. एक-दोन वेळा दिसून थांबला तर बहुधा काळजी नसते, पण ओपीडीत येऊन सांगावा, म्हणजे वार कुठे आहे हे एकदा बघून घेता येतं. पाळीसारखं लाल रक्त आलं तर ओपीडीची वाट बघायची नाही, रात्र असली तरी निघायचं. रक्तगट निगेटिव्ह असलेल्या बाईने तर थोडं रक्त गेलं तरी कळवावं, कारण अँटी-डीचं इंजेक्शन लागत असेल तर ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं.

दुसरी घाबरवणारी गोष्ट म्हणजे पोट कडक होणं. संबंधांत बाईला सुखाचा कळस आला की गर्भाशय आकुंचन पावतं, पोटावर हात ठेवला तर दगडासारखं लागतं. काही मिनिटांत सैल पडतं. बाळ त्या वेळी जरा जास्त हलतं किंवा काही वेळ शांत राहतं, दोन्ही ठीकच. याने बाळंतपण सुरू होत नाही. पण पोट पुन्हा पुन्हा, ठरावीक अंतराने कडक होऊ लागलं, दहा-दहा मिनिटांनी कळ येऊ लागली, कंबर भरून आली आणि नववा महिना अजून लागायचा असेल, तर दवाखाना गाठायचा.

सल्ला ‘नको’ असाच असतो अशा आणखी काही परिस्थिती आहेत. पाणी जात असेल तर मुळीच नको, कारण बाळाभोवतीची पिशवी फुटली की खालून वर जंतू जाण्याचा रस्ता मोकळा होतो. मुदतीआधी कळा येऊन दाखल व्हावं लागलं असेल तर नको. तोंड लवकर उघडत असेल, त्याला टाका घातलेला असेल, किंवा चोविसाव्या आठवड्याआधीच त्याची लांबी २५ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर बहुतेक डॉक्टर थांबवतात. इथेही संशोधनाचा आधार कच्चा आहे, पण ज्यांचं बाळ आधी सहाव्या महिन्यात गेलंय अशा जोडप्याला मी “पुरावा नाही, चालू द्या” म्हणू धजत नाही. जुळं असेल तर तेवढ्यावरून बंदी नाही, तोंडाची लांबी बघून ठरवायचं.

संसर्गाचा प्रश्न वेगळा. नवऱ्याला जननेंद्रियावर नागिणीसारखे फोड येत असतील आणि बायकोला आधी कधी ते आलेले नसतील, तर शेवटच्या तीन महिन्यांत तिला पहिल्यांदा हा हर्पिसचा संसर्ग झाला तर बाळंतपणात बाळाला होण्याचा धोका मोठा असतो. ओठांवर जराचे फोड आलेले असताना तोंडाने केलेल्या प्रेमालाही हेच लागू. तोंडाने करताना योनीत हवा मात्र कधीच फुंकू नये. क्वचितच घडतं, पण ती हवा रक्तात शिरली तर जीव जाऊ शकतो. आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले, त्यांत गरोदर बायकाही होत्या. झिका डासातून येतो, पण वीर्यातूनही जातो आणि वीर्यात तो बराच काळ टिकतो. नवऱ्याला झिका झाला असेल किंवा तो साथीच्या भागात राहून आला असेल, तर बाळंत होईपर्यंत निरोध वापरायचा. त्यासोबत खोबरेल तेल लावायचं नाही, तेलाने निरोधचं रबर कमजोर होऊन फाटतं. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला खोबरेल लागतं, म्हणून हे सांगावं लागतं.

आता ‘संबंध टाळा’मध्ये नेमकं काय काय येतं, हे कुणी विचारत नाही आणि म्हणून नवरा सरळ हॉलमध्ये झोपायला जातो. योनिमार्गात काही जाऊ द्यायचं नाही, इंद्रिय नाही, बोट नाही, हा त्याचा गाभा. वार तोंडावर असेल किंवा मुदतीआधी कळा आल्या असतील तर बाईला कळस येईल इतपत काही नको, कारण गर्भाशय आकुंचन पावतं. स्तनाग्रं बराच वेळ चोळल्यानेही ऑक्सिटोसिन स्रवतं आणि तेच होतं. याच्या बाहेरचं सगळं मोकळं आहे: कुशीत घेऊन झोपणं, पाय चेपून देणं, मुके घेणं, अंगावरून हात फिरवणं. एका नवऱ्याने मला फोनवर विचारलं होतं, “मॅडम, पोटावर हात ठेवला तर चालंल ना?” इतके दिवस त्याने तोही ठेवला नव्हता.

बंदी नसलेल्यांसाठी एवढंच, की पाचव्या महिन्यानंतर बाईने उताणं पडून राहू नये. गर्भाशयाच्या वजनाने मागची मोठी रक्तवाहिनी दाबली जाते, चक्कर येते, घाम फुटतो. दोघं कुशीवर, नवरा मागे, हे बहुतेकींना सोसतं. किंवा ती वर, म्हणजे किती आणि कसं हे तिच्या हातात राहतं. पोटावर भार येऊ नये, बस्स. दुखलं तर थांबायचं, हे मला पुरुषांना जास्त वेळा सांगावं लागतं.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. काही बायका वार वर गेल्याचं ऐकून खूश होत नाहीत. नवऱ्याला बाहेर पाठवून हळूच म्हणतात, “मॅडम, त्यांना अजून नको म्हणूनच सांगा ना.” कुणाला उलट्यांनी जीव नकोसा झालेला असतो, कुणाचे स्तन हात लावू देत नाहीत, कुणाला नुसती झोप हवी असते. आणि कुणाच्या घरी ‘नको’ या तिच्या शब्दाला किंमत नसते, डॉक्टरच्या असते. खोटा रिपोर्ट मी देत नाही. पण नवऱ्याला आत बोलावून सांगते, की सोनोग्राफी चांगली आहे आणि तरीही तिची इच्छा नसेल तेव्हा संबंध नकोत, हा माझा वैद्यकीय सल्ला समजा. काही जण मान खाली घालतात. एक जण म्हणाला होता, तसं तुम्ही चिठ्ठीवर लिहून द्या. मी लिहून दिलं. घरी मारहाण किंवा जबरदस्ती होते असं दिसलं, तर मात्र चिठ्ठीने भागत नाही. मग तिच्याशी एकटीशी बोलावं लागतं आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला पाठ करून द्यावा लागतो, कारण कागद घरी सापडू शकतो.

शेवटच्या आठवड्यात प्रश्न उलटा होतो. तारीख उलटून जाते, कळा येत नाहीत, आणि कुणीतरी इंटरनेटवर वाचलेलं असतं की संबंध ठेवले की बाळंतपण सुरू होतं. कारणमीमांसा ऐकायला पटते: वीर्यात प्रोस्टाग्लँडिन असतं, आणि प्रोस्टाग्लँडिनचंच जेल आम्ही कळा आणायला तोंडाशी ठेवतो. पण मलेशियात दिवस भरलेल्या बायकांवर चाचणी करून बघितलं, तेव्हा संबंध ठेवायला सांगितलेल्या आणि न सांगितलेल्या गटांत बाळंतपण सुरू होण्यात फरक पडला नाही. त्या मुलीने चाळिसाव्या आठवड्यात हेच विचारलं, नवऱ्यासमोर, आवाज न उतरवता. मी म्हटलं, पाणी गेलेलं नाही, रक्त नाही, वार वर आहे, तुम्हाला हवं असेल तर खुशाल. कळा येतील म्हणून मात्र नको, त्याचा भरवसा नाही. एक्केचाळिसाव्या आठवड्याला आम्ही तिला जेल ठेवलं. नॉर्मल डिलिव्हरी झाली, मुलगी, दोन किलो नऊशे.